अर्कचित्र: चेहरा इतका बदलूनही माणूस ओळखू कसा येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गणपतीत आणि रविवारी सकाळी गंगेवर बसून मी लोकांची अर्कचित्रं काढते. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) शनिवारी संध्याकाळी चित्रं शिकवतेही. गेल्या दोनेक वर्षांत प्रश्नांचा सूर बदलला. पूर्वी लोक विचारायचे, "किती वेळ लागेल?" आता विचारतात, "मोबाइलमधल्या ॲपने काढलेलं माझ्यासारखं का वाटत नाही?" हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याचं उत्तर शोधताना चेहरा ओळखणं म्हणजे काय हे नीट कळतं. पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं सगळं इथे एकत्र लिहिलं आहे.

अर्कचित्र आणि व्यंगचित्र एकच ना?

नाही. व्यंगचित्रात प्रसंग असतो, टिप्पणी असते, माणसं कुणीही असू शकतात. अर्कचित्रात एक ठरावीक माणूस असतो आणि तो ओळखू आलाच पाहिजे. मराठीत शब्दही नेमका आहे: अर्क. गुलाबपाण्यात गुलाबाची पाकळी नसते, पण वास गुलाबाचाच येतो. युरोपात या प्रकाराला 'कॅरिकेचर' हे नाव पडलं ते 'ओझं लादणं' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून. तो शब्द वाढवण्याकडे बोट दाखवतो, आपला शब्द गाळण्याकडे. माझ्या अनुभवात काम दोन्ही असतं आणि गाळण्याचं जास्त कठीण असतं.

नाक मोठं असलं तर मोठं काढायचं, कान मोठे असले तर मोठे. एवढंच ना?

सुरुवातीला सगळे असंच करतात, मीही केलं. पण 'मोठं' म्हणजे कशाच्या मानाने मोठं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपण चेहरा एकटा कधीच पाहत नाही. आयुष्यभर पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांतून डोक्यात एक मधला चेहरा तयार झालेला असतो आणि समोरचा माणूस त्याच्यापासून कुठे, किती सरकला आहे हे आपण नकळत टिपतो. ओळख त्या सरकण्यात असते. अर्कचित्र तेच सरकणं त्याच दिशेने आणखी पुढे नेतं. म्हणून ते चेहऱ्यापासून लांब जातं आणि तरी दुसऱ्या कुणाच्या जवळ जात नाही.

शिवाय फरक बहुतेक वेळा एका अवयवात नसतो, दोन अवयवांच्या नात्यात असतो. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याचं उदाहरण घ्या. १८३१ साली शार्ल फिलिपाँ या प्रकाशकावर राजाची बदनामी केल्याचा खटला चालू होता. त्याने न्यायालयात चार चित्रं दाखवली. पहिल्यात राजाचा चेहरा होता, चौथ्यात नुसतं पेअर फळ. राजाची गालफडं जड होती आणि डोक्याचा वरचा भाग निमुळता. नाक, डोळे, ओठ यांपैकी एकही वेगळं काढून दाखवता येत नाही, तरी खाली रुंद आणि वर अरुंद एवढ्या नात्यावर राजा ओळखू येत होता.

एखादा खरा चेहरा घेऊन सांगाल का?

सांगते. भांडीबाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान असलेले एक काका आहेत. त्यांच्या परवानगीने त्यांचाच चेहरा मी वर्गात शिकवायला वापरते. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "अगं, नाक तेवढं काढ, बाकी काही नाही काढलंस तरी चालेल." काकूही तेच म्हणाल्या. घरात सगळे त्यांच्या नाकावरूनच त्यांना चिडवतात. मी दोन चित्रं नाक धरून काढली आणि दोन्ही त्यांच्यासारखी दिसेनात. नाक लांब असलेला कुणीतरी म्हातारा एवढंच त्यातून कळत होतं.

मग मी मोजायला बसले. समोरून, शांत चेहऱ्याने, लांबून काढलेला फोटो घेतला. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर १०० धरलं आणि बाकी सगळं त्या मापात मोजलं. तुलनेला माझ्याकडे त्याच वयाच्या, इथल्याच तीसेक पुरुषांचे तसेच फोटो होते. त्यांची सरासरी काढली. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

नाकाची लांबी सरासरी ८२, काकांची ८८. जिवणीची रुंदी सरासरी ८२, काकांची ७०. जिवणीपासून हनुवटीचं टोक सरासरी ७०, काकांचं ६६. आणि नाकाच्या बुडापासून वरच्या ओठापर्यंतची जागा, जिथे मधोमध पन्हळ असते, ती सरासरी २४ आणि काकांची ३६.

आता नुसता फरक पाहू नका. त्या मापात लोकांमध्ये एरवी किती फरक असतो तेही पाहा. त्या तीस जणांत नाकाची लांबी सहा-सहा एककांनी सहज इकडेतिकडे होती. म्हणजे काकांचं सहाने लांब नाक अगदी नेहमीच्या टप्प्यात बसतं. ओठावरची जागा मात्र लोकांमध्ये चारेक एककांनीच हलते, आणि काकांची बारा एककांनी जास्त आहे. नेहमीच्या फरकाच्या तिप्पट! जिवणी नेहमीच्या फरकाच्या दुपटीने अरुंद. हनुवटीत सांगण्यासारखं काही नाही.

काकांच्या चेहऱ्याची ठेवण त्या मधल्या मोकळ्या जागेत होती. नाक मोठं वाटत होतं ते त्याच्याखाली एवढं मोकळं अंगण पडलं होतं म्हणून. घरच्यांचं चूक नव्हतं. त्यांना वेगळेपण जाणवत होतं, त्याला नाव देताना मात्र ते जवळच्या ठळक अवयवावर बोट ठेवत होते. 'ओठावरची जागा' असं कुणी बोलत नाही, 'नाक' सगळे बोलतात.

मग तुम्ही चित्रात नेमकं काय केलंत?

ओठावरची जागा ३६ वरून थेट ६२ केली. जिवणी जवळजवळ होती तशीच ठेवली, ६८. आणि नाक, जे सरासरीपेक्षा खरोखरच थोडं लांब होतं, ते ८० केलं. म्हणजे सरासरीपेक्षाही आखूड. हनुवटीकडचा भाग ६६ वरून ५२ वर आणला.

नाक कमी केलेलं ऐकून वर्गातली मुलं दर वेळी चमकतात. पण चेहऱ्याच्या लांबीत जागा मोजकीच असते. नाक, ओठावरची जागा आणि हनुवटी मिळून काकांची बेरीज १९० होती. चित्रात ती १९४ आली. एकाला द्यायचं तर दुसऱ्याकडून घ्यावं लागतं. नाक ८८ च ठेवून किंवा वाढवून ओठावरची जागाही वाढवली असती, तर चेहरा नुसता लांबुळका झाला असता आणि लांब चेहऱ्याची माणसं शेकड्याने सापडतात. नाक आखडल्यावर खालचं अंगण पसरलं. काकूंनी चित्र पाहिलं, आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हे दुकानात गिऱ्हाईकाचं ऐकताना असेच बसतात." त्यांना नाक छोटं झालेलं दिसलंच नाही.

कॉम्प्युटर हेच काम कसं करतो?

जुनी आणि अजूनही पायाभूत असलेली पद्धत सुझन ब्रेनन यांची. १९८२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी ती तयार केली. चेहऱ्यावर दीडशेहून अधिक खुणा लावायच्या, सरासरी चेहऱ्यावर त्याच खुणा घ्यायच्या, आणि प्रत्येक खुणेतला फरक एकाच आकड्याने गुणायचा. एका ओळीत:

```python
new = mean + k * (face - mean)
```

`k` एक असेल तर मूळ चेहरा. दीड असेल तर प्रत्येक फरक दीडपट. एकपेक्षा कमी असेल तर चेहरा सरासरीकडे सरकतो, म्हणजे अर्कचित्राच्या उलटं. कल्पना इतकी स्वच्छ आहे की मी ती पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा रात्रभर फोटोंवर करून पाहत बसले होते.

आता काकांचे आकडे त्यात घालू. `k` दीड ठेवला तर ओठावरची जागा ४२, जिवणी ६४, नाक ९१, हनुवटी ६४. चित्र बरं येतं, पण मिळमिळीत. म्हणून `k` तीन केला. ओठावरची जागा ६०, म्हणजे माझ्या चित्राच्या जवळ आली. पण नाक १०० झालं आणि जिवणी ४६. काकांच्या नाकपुड्यांची रुंदी ६२ आहे, सरासरी ६०, म्हणजे तीन पटीने ती ६६ होते. जिवणी नाकपुड्यांपेक्षा कितीतरी अरुंद! असा प्रौढ माणूस आपण सहसा पाहत नाही. डोळा तिथे अडतो आणि समोर काकांऐवजी एखादा पक्षी दिसायला लागतो.

एकच आकडा सगळीकडे लावला की असं होतं. जो फरक महत्त्वाचा आहे त्याला हवी तेवढी वाढ देण्याआधी दुसराच कुठलातरी फरक मर्यादा ओलांडतो. शिवाय या सूत्राला नाक आखडता येत नाही. सरासरीपेक्षा लांब असेल तर ते लांबच होणार. २००४ मध्ये मो, लुईस आणि नॉयमन यांनी एक सुधारणा मांडली: फरक गुणण्याआधी, त्या मापात लोकांमध्ये नेहमी किती फरक असतो त्याने भागून घ्या. मी काकांच्या बाबतीत हातानेच जे केलं ते हेच. याने नाकाचा गोंगाट कमी होतो आणि ओठावरची जागा वर येते. देवघेव मात्र त्यानंतरही चित्रकारालाच करावी लागते.

किती वाढवलं की ओळख तुटते?

एक आकडा नाही, आणि तो का नाही हे समजून घेण्यासारखं आहे. जिलियन रोड्स, ब्रेनन आणि सुझन केरी यांनी १९८७ मध्ये ओळखीच्या माणसांची रेषाचित्रं लोकांना दाखवली. काही हुबेहूब, काही वाढवलेली, काही सरासरीकडे सरकवलेली. वाढवलेली चित्रं हुबेहूब चित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली आणि सरासरीकडे सरकवलेल्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला. मात्र 'यातलं सगळ्यांत सारखं कुठलं' असं विचारलं तेव्हा उत्तर सरासरीने फक्त १६ टक्के वाढीच्या आसपास आलं.

मग १९९१ मध्ये फिलिप बेन्सन आणि डेव्हिड पेरेट यांनी हेच फोटोंवर केलं. तिथे सगळ्यांत सारखी वाटणारी वाढ साडेचार टक्क्यांच्याही थोडी खाली होती. कारण मला असं वाटतं: रेषाचित्रात माहिती कमी असते, त्यामुळे फरक मोठ्याने सांगावा लागतो. फोटोत कातडीचा पोत, सुरकुत्या, डोळ्यांतला ओलावा सगळं असतं आणि ते सगळं 'हा खरा माणूस आहे' म्हणून साक्ष देतं. अशा कातडीखाली आकार ताणला की डोळ्याला ते अर्कचित्र न वाटता सूज किंवा इजा वाटते. फोटो ताणणारे फिल्टर बघवत नाहीत ते यामुळेच. तेच माप शाईच्या रेषेत काढा, चालून जातं.

सरासरी चेहरा कुणाचा घ्यायचा?

माझ्या मते यांत्रिक अर्कचित्रातल्या सगळ्यांत वाईट चुका इथे होतात. सरासरी युरोपातल्या तरुण चेहऱ्यांची असेल आणि समोर भांडीबाजारातले साठी ओलांडलेले काका असतील, तर फरकात तीन गोष्टी मिसळतात: काका इथले आहेत हे, काका वयस्क आहेत हे, आणि काका काका आहेत हे. सूत्राला तिन्हींतलं काही वेगळं करता येत नाही, ते सगळंच गुणतं. मग नाकपुड्या फुगतात, डोळ्यांखालच्या पिशव्या लोंबतात आणि ओठावरची ती जागा या गर्दीत हरवते. जे चित्र येतं ते 'परक्याच्या नजरेतला म्हातारा भारतीय' असं असतं. माणसं अशा चित्राने दुखावली जातात आणि त्यांचं बरोबर असतं, कारण चित्र त्यांच्याबद्दल बोलतच नसतं.

हे ओळखायची सोपी रीत आहे. एकाच ॲपमधून दहा वेगवेगळ्या माणसांची चित्रं काढा आणि ओळीने मांडा. दहाही चेहरे एकाच दिशेने बदललेले दिसले, सगळ्यांची नाकं रुंद झाली किंवा सगळे एकमेकांचे भाऊ वाटायला लागले, तर सरासरी चुकीची आहे. चांगल्या सरासरीवर दहा चेहरे दहा दिशांना जातात.

सिंहस्थात मी स्वतः हीच चूक केली होती. साधूंची चित्रं काढताना जटा, भस्म, दाढी यांवरच सगळा जोर लावला. प्रत्येक चित्रात साधू होता, पण एकाही चित्रात *हा* साधू नव्हता. दुसऱ्या दिवशी मी साधूंची तुलना साधूंशीच करायला लागले. जटा-दाढी सगळ्यांनाच आहे, मग ती मोजायची नाही. तेव्हा कुणाच्या भुवया मधोमध वर चढलेल्या, कुणाचा एक डोळा किंचित मिटलेला, असं दिसायला लागलं.

डोळे दूर-दूर असलेल्या माझ्या मुलीचं चित्र ॲप नेहमी चुकवतं. का?

फार चांगला प्रश्न, आणि नेमकं हेच घडत असण्याची शक्यता आहे. दोन चेहऱ्यांची तुलना करण्याआधी ते एका मापात आणावे लागतात. सोपा मार्ग म्हणजे दोघांच्या बाहुल्या एकमेकांवर बसवणं. पण असं केलं की डोळ्यांमधलं अंतर सगळ्यांचं सारखंच होऊन जातं! तुमच्या मुलीचं खरं वेगळेपण मोजणीतून बाद होतं. ते नाहीसं मात्र होत नाही, बाकीच्या चेहऱ्यात सांडतं: गाल अरुंद, तोंड लहान, हनुवटी आखूड अशा खोट्या फरकांच्या रूपात. मग यंत्र ते खोटे फरक गुणतं आणि तुम्हाला चिंचोळ्या चेहऱ्याची मुलगी मिळते. काकांच्या वेळी मी बाहुल्यांचंच माप घेतलं, कारण त्यांच्या डोळ्यांतलं अंतर साधारण होतं. ते मी आधी चेहऱ्याच्या रुंदीशी ताडून पाहिलं होतं. अशा चेहऱ्यांना सगळ्या खुणा मिळून जुळवणी करावी लागते, एकट्या बाहुल्यांवर भागत नाही.

गांधीजींचे कान यंत्राला जमत नाहीत, असं तुम्ही वर्गात म्हणालात. म्हणजे?

चेहऱ्यावर आपोआप खुणा लावणाऱ्या साधनांत ६८ खुणांचा एक साचा खूप चालतो. त्यातल्या १७ जबड्याच्या कडेला, १० भुवयांवर, ९ नाकावर, १२ डोळ्यांभोवती आणि २० तोंडावर. बेरीज करून बघा, ६८ संपल्या. कपाळाला एकही नाही, केसांच्या रेषेला नाही, कानांना नाही, गालावरच्या घडीला नाही. आता गांधीजींचं चित्र डोळ्यांसमोर आणा: तुळतुळीत डोकं, बाहेर आलेले कान. त्यांची अर्धी ओळख या ६८ खुणांच्या बाहेर आहे. आर. के. लक्ष्मण यांच्या इंदिरा गांधी आठवा. लांब नाक या साच्यात सापडेल, केसांतली पांढरी बट सापडणार नाही. ज्या जागी खूणच नाही तिथला फरक यंत्राच्या लेखी शून्य असतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण मिशीची. झुपकेदार मिशीखाली वरचा ओठ झाकलेला असतो आणि यंत्र तिथे अंदाजाने खूण ठेवतं. फोटोत बाहुल्यांमधलं अंतर ६० पिक्सेल असेल आणि खूण तीन पिक्सेल चुकली, तर आपल्या मापात पाच एककांची चूक. लोकांमधला नेहमीचा फरक चार एककांचा, म्हणजे नुसत्या चुकीनेच साधा माणूस 'वेगळा' ठरतो. वर `k` ने गुणाकार होतो तो वेगळाच.

सेल्फी दिला तर चालेल का? हसरा आहे, छान आला आहे.

कृपया देऊ नका. फोन नाकाच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान साधारण ४२ सेंटिमीटरवर असतात. जवळचं मोठं दिसतं, म्हणून कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. तेच दीड मीटरवरून काढलं तर १५० आणि १६२, म्हणजे जेमतेम १.०८ पट. दोन्हींची तुलना केली तर सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के जास्त मोठं. हा फरक तुमच्या चेहऱ्याचा नसून तुमच्या हाताच्या लांबीचा आहे, आणि यंत्र तो तुमच्याच नावावर चढवतं.

हसण्याचं काय होतं ते काकांवरच पाहिलं. त्यांच्या मुलाने लग्नातला हसरा फोटो एका ॲपला दिला होता. हसताना ओठ वर ओढला जातो आणि जिवणी पसरते. मी मोजलं: ओठावरची जागा ३६ ची २८ झाली होती, जिवणी ७० ची ८४. म्हणजे त्यांचं मुख्य वेगळेपण बरंचसं मिटलं आणि अरुंद जिवणीचा माणूस सरासरीहून रुंद जिवणीचा ठरला. यंत्राने पुढे कितीही बरोबर हिशेब केला असता तरी काका निघालेच नसते.

नवी ॲप खुणा वगैरे लावत नाहीत, थेट चित्रच बनवतात. ती तरी चांगली असतील?

चित्र म्हणून देखणी असतात, रंग आणि छाया फार सुरेख. पण चूक निराळ्या जागी जाते. ही यंत्रं हजारो अर्कचित्रं पाहून 'अर्कचित्र कसं दिसतं' हे शिकतात. मोठं डोकं, छोटं धड, रुंद हसू, चमकदार डोळे. हा अर्कचित्रांचा सरासरी बाज आहे. कुणाचं काय वाढवायचं हे शिकायला एकाच माणसाचे फोटो आणि त्याचीच अर्कचित्रं अशा जोड्या लागतात, आणि त्या कमी आहेत. संशोधनात वापरला जाणारा, २०१७ मध्ये आलेला वेबकॅरिकेचर हा संग्रह घ्या: सहा हजारांच्या आसपास अर्कचित्रं आणि तितकेच फोटो, पण माणसं फक्त २५२, तीही प्रसिद्ध. नंतर आकार आणि रंगरेषेचा बाज वेगवेगळा शिकवणाऱ्या, ओळख टिकते का हे प्रशिक्षणातच तपासणाऱ्या पद्धती आल्या. दिशा योग्य आहे. फोनवर सहज मिळणाऱ्या ॲपमध्ये मात्र मला अजून बाजच दिसतो.

काकांचा शांत फोटो मी अशा एका ॲपमध्ये घातला. डोकं मोठं झालं, हातात पितळेची कळशी आली, अष्टगंधाचा टिळा आणि टोपी जशीच्या तशी. रंग दोन छटा उजळ. चित्राचा प्रिंट काढून पट्टी लावली तर ओठावरची जागा २६! ३६ ची वाढवून ५०-६० करायची ती उलट सरासरीच्या शेजारी आणून ठेवली होती. नेमकं जे वाढवायचं तेच दुरुस्त केलं होतं. वेगळेपण त्या यंत्राला डागासारखं वाटतं आणि ते घासून काढतं. तीळ, व्रण, वाकडा दात यांचंही हेच होतं.

पण घरच्यांनी तर ते चित्र लगेच ओळखलं!

हो, काकांच्याही घरी ओळखलं. म्हणून मी टोपी आणि टिळा कागदाने झाकले, कळशी झाकली, आणि ते चित्र शेजारच्या दुकानदाराला दाखवलं. तो रोज काकांबरोबर चहा पितो. त्याला ओळखता आलं नाही. मग माझं चित्र तसंच झाकून दाखवलं. "हे तर आपले..." म्हणून त्याने पुढे नावच घेतलं.

स्वतः तपासायचं असेल तर एवढं करा. चित्र कुणाचं आहे ते सांगू नका. टोपी, चष्मा, दागिने, केस, हातातली वस्तू झाका. त्याच वयाच्या, त्याच ढंगाच्या पाच माणसांचे फोटो शेजारी ठेवा आणि माणसाला ओळखणाऱ्या पण चित्र न पाहिलेल्या कुणाला तरी जोडी लावायला सांगा. दोन-तीन जणांना विचारा, एकाचं उत्तर नशिबानेही बरोबर येतं. घरच्यांना शेवटी विचारा, कारण त्यांना चित्र कुणाचं हे बहुधा आधीच माहीत असतं.

एखाद्याच्या चेहऱ्यावर व्रण किंवा व्यंग असेल तर?

मी आधी विचारते. तो व्रण त्या माणसाला स्वतःचा वाटतो का, हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय वाढवत नाही. नको म्हणाले तर ठेवणीत दुसरं काहीतरी असतंच, आणि ते शोधायला मला दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतात.

तुमच्याकडून चित्र हवं असेल तर फोटो कसा पाठवू?

दीड-दोन मीटरवरून दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, उजेड समोरून, चेहरा शांत, तोंड मिटलेलं. कान आणि कपाळ दिसू द्या. फिल्टर नको, चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद. एक असा समोरून, एक अर्ध्या बाजूने, आणि जमल्यास बोलताना नकळत काढलेला एक. तुमच्या चेहऱ्यात काय वेगळं आहे असं घरच्यांना वाटतं, तेही लिहून पाठवा. ते जिथे बोट ठेवतात त्याच्या आसपास मी मोजायला सुरुवात करते.